केळी वेफर्सचा प्रॉडक्ट मिक्स: आलेख पद्धतीने लिनिअर प्रोग्रॅमिंगचे उदाहरण कसे सोडवावे

क्वांटिटेटिव्ह टेक्निक्सच्या पेपरात आलेख पद्धतीचे उदाहरण आले की बहुतेक विद्यार्थी रेषा बरोबर काढतात आणि तरीही उत्तर चुकवतात. ही चूक कोपऱ्यांच्या निवडीत होते. दोन रेषा एकमेकींना जिथे छेदतात तो प्रत्येक बिंदू उत्तराचा उमेदवार नसतो. जो बिंदू सगळ्या अटी एकाच वेळी पाळतो तोच उमेदवार असतो. ऐकायला ही गोष्ट सोपी आहे, पण परीक्षेच्या घाईत नेमकी तीच सुटते. म्हणून खाली एकच उदाहरण घेऊन ते प्रश्न वाचण्यापासून शेवटचे विधान लिहिण्यापर्यंत सोडवले आहे.

उदाहरण

यावल तालुक्यातील एक महिला बचत गट कच्च्या केळीचे वेफर्स तयार करतो. साधे खारे वेफर्स आणि मसाला वेफर्स असे दोन प्रकार असून दोन्ही 10 किलोच्या खोक्यात भरून जळगाव आणि भुसावळच्या व्यापाऱ्यांना दिले जातात. साल आणि तळताना उडून जाणारे पाणी धरता एका खोक्याला, प्रकार कोणताही असो, 40 किलो कच्ची केळी लागते. गटाला रोज जास्तीत जास्त 1600 किलो केळी मिळते. साध्या वेफर्सचा एक खोका भरायला 30 मिनिटे लागतात. मसाला लावणे, चाळणे आणि लहान पुड्या करणे यांमुळे मसाला वेफर्सच्या एका खोक्याला 60 मिनिटे लागतात. भरणीच्या कामावर 5 महिला असून प्रत्येकीचे रोजचे 6 तास उपलब्ध आहेत. साध्या वेफर्सचे 30 पेक्षा जास्त खोके व्यापारी रोज उचलत नाहीत. साध्या खोक्याची विक्री किंमत 2300 रुपये आणि बदलता खर्च 2000 रुपये आहे. मसाला खोक्यासाठी हेच आकडे अनुक्रमे 2700 आणि 2300 रुपये आहेत. शेडचे भाडे आणि पाचही महिलांचा ठरलेला रोज मिळून दिवसाचा स्थिर खर्च 3000 रुपये आहे. रोज कोणत्या प्रकारचे किती खोके तयार केले असता नफा जास्तीत जास्त होईल?

आकडे सरावासाठी धरलेले आहेत, पण प्रश्नाची बांधणी परीक्षेत येते तशीच आहे. माहिती गरजेपेक्षा थोडी जास्त दिलेली आहे आणि वेळेची एकके मुद्दाम मिसळलेली आहेत.

शब्दांतून समीकरणाकडे

सर्वप्रथम चल लिहून काढावेत, आणि ते एककासह व कालावधीसह लिहावेत. "x म्हणजे साधे वेफर्स" एवढे लिहून भागत नाही, कारण किलो, खोके, रोज की आठवडा हे त्यातून कळत नाही. x म्हणजे रोज तयार करायच्या साध्या वेफर्सच्या खोक्यांची संख्या आणि y म्हणजे रोज तयार करायच्या मसाला वेफर्सच्या खोक्यांची संख्या, असे स्पष्ट लिहावे. कोणता चल कशासाठी हे ठरवताना एक साधी कसोटी उपयोगी पडते: प्रश्नाच्या शेवटी "किती" हा शब्द ज्यांच्याविषयी आला आहे तेच चल असतात. इथे केळी किती किंवा तास किती असे विचारलेले नाही, खोके किती असे विचारले आहे.

त्यानंतर उद्दिष्ट फल Z, म्हणजे जी रक्कम जास्तीत जास्त करायची ती, लिहावे. प्रश्नात थेट नफा दिलेला नाही, विक्री किंमत आणि बदलता खर्च दिला आहे, म्हणून प्रत्येक खोक्याचे कॉन्ट्रिब्युशन काढावे लागते. साध्या खोक्याचे 2300 वजा 2000 म्हणजे 300 रुपये आणि मसाला खोक्याचे 2700 वजा 2300 म्हणजे 400 रुपये. दिवसाचा 3000 रुपयांचा स्थिर खर्च Z मध्ये घालू नये. तो खोके कितीही केले तरी तेवढाच राहतो, त्यामुळे कोणता संच चांगला हे ठरवण्यात त्याचा काही वाटा नसतो. शेवटी निव्वळ नफा सांगताना तो एकदाच वजा करायचा असतो. काही विद्यार्थी हे 3000 रुपये खोक्यांवर वाटून देतात आणि 300 व 400 च्या जागी वेगळेच आकडे घेतात. मग पुढची सगळी आकडेमोड निर्दोष असूनही उत्तर हाती लागत नाही.

आता अटी. केळीची अट 40x + 40y ≤ 1600 अशी आहे. भरणीच्या अटीत मात्र थांबून एकके पाहावीत, कारण लागणारा वेळ मिनिटांत आणि उपलब्ध वेळ तासांत आहे. 5 महिलांचे प्रत्येकी 6 तास म्हणजे 30 तास, आणि 30 तास म्हणजे 1800 मिनिटे. उजव्या बाजूला चुकून 30 लिहिले तर अट x + 2y ≤ 1 अशी उरते, म्हणजे पाच जणींनी दिवसभर राबून एकच खोका भरायचा. असे विचित्र चित्र दिसले की एकक चुकले आहे हे ओळखावे. तिसरी अट मागणीची आहे. ती फक्त साध्या वेफर्सवर असल्यामुळे तिच्यात y येत नाही. दोन्ही बाजूंना सामाईक संख्येने भागून अटी लहान करून घेतल्या की प्रश्नाचे रूप असे होते:

```
Maximize  Z = 300x + 400y

x +  y ≤ 40     (केळी, 40 ने भागून)
x + 2y ≤ 60     (भरणी, 30 ने भागून)
x      ≤ 30     (मागणी)
x, y   ≥ 0
```

शेवटची ओळ अनेकजण गृहीत धरतात आणि लिहीत नाहीत. ती लिहिलीच पाहिजे, कारण आलेखाचा फक्त पहिला चतुर्थांश का घेतला याचे कारण तीच देते.

आलेख काढणे

प्रत्येक अटीतील ≤ च्या जागी = धरून रेषा मिळते, आणि रेषेला दोन बिंदू पुरतात. केळीच्या रेषेसाठी (40, 0) आणि (0, 40), भरणीच्या रेषेसाठी (60, 0) आणि (0, 30). मागणीची रेषा x = 30 ही Y अक्षाला समांतर उभी रेषा आहे. तिला Y अक्षावर बिंदू शोधत बसू नये, कारण ती त्या अक्षाला कुठेच भेटत नाही.

परिमाण रेषा काढण्याआधी ठरवावे. इथे X अक्षावर सर्वात मोठी संख्या 60 आणि Y अक्षावर 40 आहे, म्हणून दोन्ही अक्षांवर 1 सेंमी = 5 खोके घेतले तर आलेख 12 बाय 8 सेंमीमध्ये नीट बसतो. परिमाण आलेखकागदाच्या उजव्या कोपऱ्यात लिहावे आणि प्रत्येक रेषेवर तिचे समीकरण लिहावे. तीन रेषा विनानावाच्या सोडल्या तर तपासणाऱ्याला तर सोडाच, पाच मिनिटांनी आपल्यालाही कोणती रेषा कशाची हे कळत नाही.

रेषेची कोणती बाजू घ्यायची हे चिन्हाकडे बघून ठरवण्याऐवजी बिंदू ठेवून ठरवणे खात्रीचे असते. (0, 0) हा बिंदू तिन्ही अटींत ठेवला तर 0 ≤ 40, 0 ≤ 60 आणि 0 ≤ 30 ही तिन्ही विधाने खरी ठरतात, म्हणून प्रत्येक रेषेची आरंभबिंदूकडची बाजू घ्यायची. रेषाच आरंभबिंदूतून जात असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही. "मसाला वेफर्स साध्यांच्या दुपटीपेक्षा जास्त नसावेत" अशी अट परीक्षक हमखास घालतात. ती y ≤ 2x अशी लिहिली जाते आणि तिची रेषा (0, 0) मधूनच जाते. तिथे (10, 0) सारखा रेषेबाहेरचा बिंदू घ्यावा. 0 ≤ 20 हे खरे आहे, म्हणून रेषेच्या उजवीकडची, X अक्षाकडची बाजू घ्यायची.

तिन्ही अटींचा सामाईक भाग म्हणजे फीजिबल रिजन. आपल्या उदाहरणात तो पाच कोपऱ्यांचा आहे. प्रत्येक अट वेगवेगळी रेघाटून आलेख काळा करण्यापेक्षा प्रत्येक रेषेवर घ्यायच्या बाजूकडे छोटे बाण काढावेत आणि शेवटी फक्त सामाईक भाग रेघाटावा.

कोपरे, आणि कोपऱ्यांसारखे दिसणारे बिंदू

आरंभबिंदूपासून निघून हद्दीवरून घड्याळाच्या उलट दिशेने फिरत कोपरे घ्यावेत, म्हणजे एकही सुटत नाही. (0, 0) पासून X अक्षावरून उजवीकडे गेलो की मागणीची उभी रेषा (30, 0) वर अडवते. तिथून वर जाताना केळीची रेषा भेटते; x = 30 हे x + y = 40 मध्ये ठेवले की y = 10, म्हणजे (30, 10). तिथून केळीच्या रेषेवरून डावीकडे वर चढताना भरणीची रेषा आडवी येते. x + 2y = 60 मधून x + y = 40 वजा केले की y = 20 आणि म्हणून x = 20. पुढे भरणीच्या रेषेवरून Y अक्षापर्यंत गेलो की (0, 30).

छेदनबिंदू आलेखावरून वाचू नयेत, समीकरणे सोडवूनच काढावेत. इथे 20 आणि 20 असे सरळ आकडे आल्यामुळे आलेखावरही ते स्वच्छ दिसतात, पण उत्तर 17.14 सारखे असेल तर पेन्सिलीच्या टोकाच्या जाडीएवढा फरकही उत्तर बिघडवतो. आलेखाचा उपयोग कोणत्या दोन रेषांची समीकरणे एकत्र सोडवायची हे कळण्यापुरता असतो.

| कोपरा | Z = 300x + 400y |
|---|---|
| (0, 0) | 0 |
| (30, 0) | 9,000 |
| (30, 10) | 9,000 + 4,000 = 13,000 |
| (20, 20) | 6,000 + 8,000 = 14,000 |
| (0, 30) | 12,000 |

सर्वात मोठी किंमत 14,000 आहे आणि ती (20, 20) वर मिळते.

या कोष्टकात मी मुद्दाम न घेतलेले बिंदू आता पाहू, कारण आलेखावर तेही तितकेच ठळक दिसतात. केळीची रेषा Y अक्षाला (0, 40) वर भेटते; तिथे Z = 16,000. भरणीची रेषा X अक्षाला (60, 0) वर भेटते; तिथे Z = 18,000. भरणीची रेषा आणि मागणीची उभी रेषा (30, 15) वर छेदतात; तिथे Z = 15,000. तिन्ही किमती आपल्या उत्तरापेक्षा मोठ्या आहेत, आणि म्हणूनच हे बिंदू घातक आहेत: कोष्टकात त्यांपैकी एक जरी शिरला तरी तोच उत्तर म्हणून निवडला जातो. प्रत्यक्षात (0, 40) साठी भरणीला 2400 मिनिटे लागतील आणि आहेत 1800. (60, 0) साठी 2400 किलो केळी हवी आणि तेवढे साधे वेफर्स कोणी घेणारही नाही. (30, 15) सर्वात फसवा आहे, कारण तो भरणी आणि मागणी या दोन्ही अटी तंतोतंत पाळतो. फक्त त्याला 1800 किलो केळी लागते आणि मिळते 1600. आलेखावर तो केळीच्या रेषेच्या पलीकडे जेमतेम एका सेंमीच्या आत पडतो, त्यामुळे हाताने काढलेल्या आलेखात तो आत असल्यासारखा भासू शकतो.

यावर उपाय एकच आहे. Z काढण्याआधी प्रत्येक बिंदू अटींत ठेवून पाहावा, ज्या रेषांच्या छेदातून तो आला आहे त्यांत नव्हे, तर उरलेल्या अटींत. ज्या दोन रेषांवर तो आहे त्या अटी तो पाळणारच. चूक पकडते ती तिसरी अट.

समनफा रेषेने पडताळणी

उत्तर कोपऱ्यावरच का मिळते, हे दाखवायचे असेल किंवा प्रश्नात तसे विचारले असेल तर समनफा रेषा काढावी. Z ला सोयीची कोणतीही किंमत द्यावी. 12,000 घेतली तर 300x + 400y = 12,000 ही रेषा (40, 0) आणि (0, 30) मधून जाते. तिच्यावरच्या प्रत्येक बिंदूवर नफा 12,000 च असतो. पट्टी या रेषेवर ठेवून उतार न बदलता आरंभबिंदूपासून दूर सरकवत न्यावी. फीजिबल रिजन सोडण्याआधी ती ज्या शेवटच्या बिंदूला स्पर्श करते तो आपला (20, 20). रिजनच्या कडा सरळ असल्यामुळे सरकणारी सरळ रेषा त्याला शेवटचा स्पर्श एखाद्या कोपऱ्यात करते, किंवा ती एखाद्या कडेला समांतर असेल तर पूर्ण कडेवर करते. रिजनच्या आतल्या बिंदूवर ती कधीच संपत नाही, कारण आतून आणखी पुढे सरकायला नेहमी जागा असते.

उत्तर लिहिताना फक्त x = 20, y = 20 लिहून थांबू नये. रोज साध्या वेफर्सचे 20 आणि मसाला वेफर्सचे 20 खोके तयार करावेत. त्यातून 14,000 रुपये कॉन्ट्रिब्युशन आणि स्थिर खर्च वजा जाता 11,000 रुपये निव्वळ नफा मिळेल. 1600 किलो केळी आणि 1800 मिनिटे दोन्ही पूर्ण वापरली जातील. साध्या वेफर्सच्या मागणीत 10 खोक्यांची जागा शिल्लक राहील. एवढे विधान पूर्ण गुणांसाठी आवश्यक असते.

पुढचे उपप्रश्न

मुख्य उदाहरणानंतर बहुधा एखादी अट वाढवून किंवा नफा बदलून उपप्रश्न विचारला जातो. समजा तळणीची अट दिली: साध्या खोक्याला 12 आणि मसाला खोक्याला 10 मिनिटे, उपलब्ध 480 मिनिटे. तिची रेषा (40, 0) आणि (0, 48) मधून जाते. पाचही कोपरे या अटीत ठेवले तर सर्वात जास्त वेळ (30, 10) ला लागतो, तोही 460 मिनिटेच. म्हणजे ही अट रिजनचा कोणताही भाग कापत नाही. तिला निरर्थक अट म्हणतात. रेषा आलेखावर दाखवावी, तसे एका वाक्यात लिहावे आणि उत्तर कायम ठेवावे.

नफा बदलल्यास सगळे नव्याने सोडवायची गरज नसते. (20, 20) मध्ये भेटणाऱ्या दोन रेषांपैकी x + 2y = 60 मध्ये गुणकांचे गुणोत्तर 1/2 आहे आणि x + y = 40 मध्ये ते 1 आहे. साध्या आणि मसाला खोक्यांच्या नफ्याचे गुणोत्तर या दोहोंच्या दरम्यान असेल तोपर्यंत उत्तर 20 आणि 20 च राहते. सध्या ते 300/400 म्हणजे 0.75 आहे. साध्याचा नफा 300 धरला तर मसाल्याचा नफा 300 ते 600 मध्ये कुठेही असला तरी उत्पादनाचा आराखडा बदलत नाही, फक्त Z बदलतो. मसाला वेफर्सचे दर पडून त्यांचा नफा बरोबर 300 झाला तर समनफा रेषा केळीच्या रेषेला समांतर होते; (30, 10) आणि (20, 20) दोन्हींवर Z = 12,000 येतो आणि त्यांना जोडणाऱ्या कडेवरचा प्रत्येक बिंदू तितकाच चांगला ठरतो. कोष्टकात सर्वात मोठी किंमत दोनदा दिसली की आकडेमोड चुकली असे समजून खाडाखोड करू नये. एकाहून अधिक इष्टतम उत्तरे आहेत असे लिहावे.

तिसरा उपप्रश्न शॅडो प्राइसचा, म्हणजे एखादे साधन एका एककाने वाढले तर Z किती वाढतो याचा, असतो आणि तो मला सर्वात शिकवणारा वाटतो. केळी 40 किलोने वाढली तर पहिली अट x + y ≤ 41 होते. ती x + 2y = 60 बरोबर सोडवली की y = 19 आणि x = 22 येते, आणि Z = 14,200. भरणीचे तास तेवढेच असल्यामुळे वाढलेली केळी वापरायला एक मसाला खोका कमी करून दोन साधे खोके करावे लागतात. 600 मिळतात, 400 जातात, उरतात 200. म्हणजे किलोमागे 5 रुपये. उलट केळी तेवढीच ठेवून भरणीचा वेळ 30 मिनिटांनी वाढवला तर x + 2y ≤ 61 वरून y = 21, x = 19 आणि Z = 14,100 येते, म्हणजे तासामागे 200 रुपये.

या दोन आकड्यांचा अर्थ सारखा नाही, आणि इथे चांगला विद्यार्थी वेगळा दिसतो. केळीची किंमत बदलत्या खर्चात आधीच वजा झालेली आहे, म्हणून 5 रुपये ही नेहमीच्या दरावर आणखी देता येईल अशी कमाल रक्कम आहे. रावेरच्या व्यापाऱ्याने जादा केळी नेहमीच्या दरापेक्षा किलोला 3 रुपये चढ्या भावाने दिली तरी घ्यावी, 6 रुपये चढ असेल तर घेऊ नये. महिलांचा रोज मात्र स्थिर खर्चात आहे, 300 आणि 400 मधून तो वजा झालेला नाही, म्हणून जादा तासासाठी एकूण 200 रुपयांपर्यंत मोबदला देणे परवडते.

हे दरही अमर्याद लागू होत नाहीत. केळी वाढत गेली की (20, 20) हा कोपरा भरणीच्या रेषेवरून खाली उजवीकडे सरकत जातो आणि (30, 15) वर मागणीच्या उभ्या रेषेला टेकतो. तेव्हा केळी 1800 किलो झालेली असते आणि Z = 15,000. मघाचा फसवा बिंदू तेव्हा खरा कोपरा बनतो. त्यापुढे किलोभर केळी जादा मिळाली तरी भरणी आणि मागणी दोन्ही संपलेल्या असल्यामुळे तिचा शॅडो प्राइस शून्य असतो, आणि 2000 किलो केळी आणून दिली तरी त्यातली 200 किलो रोज शिल्लक पडते.